HCl–NaOH कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन: एंड पॉइंटला आलेखाचा उतार का बदलतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र केली आहेत. सगळीकडे उदाहरण एकच घेतलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. बीकरमध्ये 0.01 मोलर HCl 100 मिली, ब्यूरेटमध्ये 0.1 मोलर NaOH, तापमान 25 अंश सेल्सिअस. आम्ल 1 मिलिमोल आहे, त्यामुळे एंड पॉइंट 10.00 मिलीला यायला हवा.

1. या टायट्रेशनमध्ये नेमकं काय मोजतात? इंडिकेटर का लागत नाही?

द्रावणातून वीज किती सहज वाहते, म्हणजे त्याची वाहकता, एवढंच मोजायचं. द्रावणात वीज वाहून नेतात ते आयन. NaOH थोडं थोडं टाकत गेलं की द्रावणातल्या आयनांची सरमिसळ बदलते आणि मीटरवरचा आकडाही बदलतो. टाकलेलं आकारमान आडव्या अक्षावर आणि वाहकता उभ्या अक्षावर घेतली की इंग्रजी V सारखा आलेख मिळतो. उतरती आणि चढती रेषा जिथे छेदतात, तो एंड पॉइंट.

रंग कुठेच पाहायचा नसतो, म्हणून इंडिकेटर नको. द्रावण मुळातच गडद रंगाचं किंवा गढूळ असेल तरी ही पद्धत चालते.

2. NaOH टाकल्यावर सुरुवातीला वाहकता कमी होते, ती आयन कमी होतात म्हणून ना?

नाही. जर्नलमध्ये आणि तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त वेळा चुकणारं वाक्य हेच आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

सुरुवातीला बीकरमध्ये 1 मिलिमोल H⁺ आणि 1 मिलिमोल Cl⁻ आहेत. एकूण 2 मिलिमोल आयन. आता 1 मिली NaOH टाकलं. त्यातून 0.1 मिलिमोल Na⁺ आणि 0.1 मिलिमोल OH⁻ आले. OH⁻ नी 0.1 मिलिमोल H⁺ ला गाठलं आणि दोघांचं पाणी झालं. उरलं काय? H⁺ 0.9, Na⁺ 0.1, Cl⁻ 1.0. बेरीज पुन्हा 2 मिलिमोल. पाच मिलीनंतर मोजा, नऊ मिलीनंतर मोजा, बेरीज तेवढीच येते. एंड पॉइंटला Na⁺ 1 आणि Cl⁻ 1, म्हणजे तेव्हाही 2 मिलिमोलच.

म्हणजे आयनांची संख्या तसूभरही घटलेली नाही. बदललाय तो आयन. एकेक H⁺ गेला आणि त्याच्या जागी एकेक Na⁺ येऊन बसला. द्रावण विद्युतदृष्ट्या उदासीन राहायलाच हवं, त्यामुळे धन आयन गेला की त्याची जागा दुसऱ्या धन आयनाने भरावीच लागते. आणि ही जागा भरणारा Na⁺ वीज वाहून नेण्यात H⁺ च्या तुलनेत फारच मंद आहे. अनंत विरलतेला, 25 अंशांवर, मोलार आयनिक वाहकता अशा आहेत (एकक S cm² mol⁻¹):

H⁺ 349.8, OH⁻ 198.0, Cl⁻ 76.3, Na⁺ 50.1

H⁺ च्या जागी Na⁺ आला की प्रत्येक मोलमागे 349.8 वजा 50.1, म्हणजे 299.7 एककांचा तोटा. आलेखाची डावी बाजू उतरते ती या तोट्यामुळे. Cl⁻ या सगळ्यात प्रेक्षक आहे. त्याचं प्रमाण बदलत नाही आणि त्याचा वाटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच राहतो.

उत्तरपत्रिकेत एकच ओळ लिहायची असेल तर अशी लिहा: ‘वेगवान H⁺ आयनांची जागा मंद Na⁺ आयन घेतात, म्हणून वाहकता घटते.’

3. H⁺ तर सर्वांत लहान आयन, म्हणूनच तो वेगवान असतो का?

लहानपणावरून हे ठरत नाही. पाण्यात Li⁺ हा Na⁺ पेक्षा लहान असूनही मंद चालतो, कारण तो पाण्याचे रेणू अंगाभोवती घट्ट धरून ठेवतो आणि तो सगळा लवाजमा त्याला ओढत न्यावा लागतो.

H⁺ ची गोष्ट वेगळी आहे. पाण्यात तो H₃O⁺ च्या रूपात असतो, आणि त्याला स्वतः पूर्ण अंतर कापावंच लागत नाही. H₃O⁺ आपला एक प्रोटॉन हायड्रोजन बंधातून शेजारच्या पाण्याच्या रेणूला देतो, तो रेणू पुढच्याला देतो. रांगेत उभे राहून विटा हातोहात पुढे द्याव्यात तसं. माणसं जागच्या जागी राहतात, वीट मात्र टोकाला पोचते. ग्रॉटहुस यांनी 1806 मध्ये अशा साखळीची मूळ कल्पना मांडली, आणि आजही या प्रक्रियेला त्यांचंच नाव आहे.

OH⁻ सुद्धा असाच चालतो, फक्त उलट्या दिशेने: तो शेजारच्या रेणूकडून प्रोटॉन घेतो. म्हणून H⁺ च्या खालोखाल पाण्यात तोच वेगवान. Na⁺ आणि Cl⁻ यांना ही सोय नाही. ते पाण्यातून वाट काढत स्वतःच सरकतात.

4. मग एंड पॉइंटनंतर वाहकता वाढायला का लागते?

कारण OH⁻ ला गाठायला आता H⁺ उरलेला नसतो. 10 मिलीपर्यंत येणारा प्रत्येक OH⁻ पाणी होऊन संपत होता. 10 मिलीनंतर येणारा OH⁻ तसाच राहतो, त्याच्याबरोबरचा Na⁺ ही राहतो. इथून पुढे मात्र आयनांची एकूण संख्या खरोखर वाढते, आणि वाढणाऱ्यांत एक चांगलाच वेगवान आहे.

उतार बदलण्याचं मूळ इथे आहे. ब्यूरेटमधून पडणारा थेंब दोन्ही बाजूंना तोच असतो, पण बीकरमधली घटना वेगळी. डावीकडे अदलाबदल चालू असते, उजवीकडे भर पडत असते. एक घटना संपून दुसरी सुरू होते ती नेमकी H⁺ संपण्याच्या क्षणी, म्हणून आलेखाला तिथे कोपरा येतो.

मीटर समोर ठेवून हे पाहण्यासारखं आहे. 9 मिलीच्या आसपास थेंब पडला की आकडा खाली येतो. 11 मिलीच्या आसपास तसाच थेंब पडला की आकडा वर जातो.

5. V च्या दोन्ही बाजू सारख्या तिरक्या का नसतात?

डाव्या बाजूचा उतार अदलाबदलीच्या फरकावर ठरतो, उजव्या बाजूचा भरीच्या बेरजेवर. दोन्ही आकडे काढून पाहू.

डावीकडे प्रत्येक मोलमागे 299.7 ची घट. आपल्या उदाहरणात 1 मिली NaOH म्हणजे 0.1 मिलिमोल, आणि आकारमान 100 मिली धरलं तर दर मिलीला 0.300 मिलिसीमेन्स प्रति सेमी इतकी घट.

उजवीकडे Na⁺ आणि OH⁻ ची भर: 50.1 + 198.0 = 248.1. म्हणजे दर मिलीला 0.248 मिलिसीमेन्स प्रति सेमी इतकी वाढ.

म्हणून डावी बाजू उजवीपेक्षा साधारण 1.2 पट तिरकी. NaOH ऐवजी KOH घेतलं तर K⁺ ची वाहकता 73.5 असल्यामुळे डावीकडे 276.3 आणि उजवीकडे 271.5 येतात, आणि V जवळजवळ समतोल दिसतो. तुमचा आलेख मित्राच्या आलेखाहून वेगळा दिसत असेल तर आधी ब्यूरेटमध्ये काय होतं ते विचारा.

6. रीडिंग किती मिलीवर घ्यायची? एंड पॉइंटजवळ थेंबाथेंबाने जायचं का?

तशी गरज नाही. ही सवय इंडिकेटरच्या आणि pH च्या टायट्रेशनमधून आलेली असते, तिथे सगळी माहिती एंड पॉइंटच्या जवळच असते. इथे माहिती दोन सरळ रेषांमध्ये आहे आणि रेषा ठरते ती लांबवर पसरलेल्या बिंदूंनी. एंड पॉइंटच्या आधीचे पाच-सहा आणि नंतरचे पाच-सहा बिंदू पुरतात. आपल्या उदाहरणात दर 1 किंवा 2 मिलीला एक, असं 20 मिलीपर्यंत जा. 11–12 मिलीला थांबू नका, कारण उजवी रेषा तोकडी पडली की तिचा उतार डळमळतो आणि छेदबिंदू सरकतो.

ब्यूरेटमधलं द्रावण बीकरमधल्यापेक्षा निदान दहापट तीव्र ठेवा. का, ते प्रश्न 8 मध्ये आहे. सेलच्या दोन्ही पट्ट्या द्रावणात पूर्ण बुडलेल्या हव्यात आणि प्रयोगभर सेल हलवायचा नाही. प्रत्येक वेळी NaOH टाका, ढवळा, आकडा स्थिर झाला की नोंद करा. ब्यूरेटच्या टोकाला लोंबणारा थेंब बीकरच्या कडेला टेकवून आत घ्या. असा एक थेंब साधारण 0.05 मिलीचा असतो, म्हणजे 10 मिलीवर अर्धा टक्का.

7. सर्वांत कमी रीडिंग आलं तोच एंड पॉइंट धरला तर?

दर 2 मिलीला नोंद घेत असाल तर सर्वांत कमी रीडिंग एंड पॉइंटच्या मागे-पुढे 1 मिलीपर्यंत कुठेही असू शकतं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंतची चूक. शिवाय ते एकच रीडिंग असतं आणि त्यात जी गडबड असेल ती सरळ उत्तरात उतरते. छेदबिंदू काढताना दहा-बारा रीडिंगांची मिळून एक साक्ष होते.

खालच्या टोकाशी बिंदू जोडून हाताने गोलसर वळण काढू नका. HCl–NaOH मध्ये टोक तत्त्वतः अगदी तीक्ष्ण असतं. पाण्याचं स्वतःचं विघटन त्याला गोलाई देऊ शकेल, पण शुद्ध पाण्याची वाहकता 25 अंशांवर 0.055 मायक्रोसीमेन्स प्रति सेमी एवढीच, आणि टोकाशी आपलं द्रावण हजाराच्या वर दाखवत असतं. टोक खरंच गोल किंवा सपाट दिसत असेल तर कारण दुसरं आहे. प्रश्न 12 पाहा.

8. आकारमानाची दुरुस्ती करावीच लागते का? न केल्यास किती फरक पडतो?

NaOH टाकत गेल्यावर बीकरमधलं एकूण आकारमान वाढतं आणि सगळेच आयन विरळ होतात. त्यामुळे रेषा सरळ राहत नाहीत, किंचित वाकतात. दुरुस्ती सोपी आहे, V म्हणजे टाकलेले मिली:

```
दुरुस्त वाहकता = रीडिंग × (100 + V) / 100
```

खालचे आकडे वरच्या आयनिक वाहकतांवरून काढले आहेत (मिलिसीमेन्स प्रति सेमी). प्रत्यक्ष रीडिंग थोडी कमी येते, कारण आयन एकमेकांना काहीसे अडवतात. 0.01 मोलर HCl प्रत्यक्षात 4.26 ऐवजी 4.12 च्या आसपास दाखवतं. आलेखाचा आकार त्याने बदलत नाही.

| NaOH मिली | रीडिंग | दुरुस्त |
|---|---|---|
| 0 | 4.261 | 4.261 |
| 2 | 3.590 | 3.662 |
| 4 | 2.944 | 3.062 |
| 6 | 2.323 | 2.463 |
| 8 | 1.725 | 1.863 |
| 12 | 1.572 | 1.760 |
| 14 | 1.979 | 2.256 |
| 16 | 2.373 | 2.753 |
| 18 | 2.753 | 3.249 |
| 20 | 3.121 | 3.745 |

दुरुस्त रकान्यातल्या पहिल्या पाच बिंदूंची रेषा आणि शेवटच्या पाच बिंदूंची रेषा 10.00 मिलीला छेदतात. आता मधल्या, दुरुस्त न केलेल्या रकान्यावर तसंच करा. डाव्या रेषेचा उतार −0.317 येतो, उजवीचा +0.194, आणि छेदबिंदू 9.74 मिलीला. आम्लाची तीव्रता 0.0100 ऐवजी 0.00974 मोलर निघते. रीडिंग सगळी बिनचूक, ब्यूरेट बिनचूक, आणि तरी अडीच टक्क्यांहून जास्त चूक.

लक्षात घ्या, खरा कोपरा 10.00 मिलीवरून हललेला नाही. कोपरा तिथेच आहे, पण वाकलेल्या बाजूंवर आपण सरळ पट्टी ठेवतो, म्हणून छेदबिंदू सरकतो. NaOH जितकं तीव्र तितकी ही वाक कमी. ब्यूरेटमध्येही 0.01 मोलरच घेतलं तर एंड पॉइंटपर्यंत आकारमान दुप्पट होतं, आणि मग दुरुस्तीशिवाय आलेख काढण्यात अर्थ नाही.

9. सेल बुडत नव्हता म्हणून बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटर ओतलं. एंड पॉइंट बदलेल का?

नाही. आम्ल 1 मिलिमोलच आहे, त्यामुळे NaOH तेवढंच लागेल. वाहकता मात्र सगळीकडे कमी दिसेल. 50 मिली पाणी ओतलं असेल तर दुरुस्तीच्या सूत्रात 100 च्या जागी 150 घ्या. हे विसरलात तर दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते आणि रेषा दुसऱ्या बाजूला वाकतात. पाणी ओतायचं ते पहिल्या रीडिंगच्या आधी, प्रयोगाच्या मध्ये नाही.

10. सेल स्थिरांक काढायलाच हवा का?

एंड पॉइंटसाठी नाही. सेल स्थिरांक चुकला तर प्रत्येक रीडिंग एकाच पटीने चुकतं, आलेख उभा ताणला किंवा दबला जातो, पण छेदबिंदूचा आडवा आकडा तोच राहतो. मीटर नुसती वाहकता दाखवत असेल, विशिष्ट वाहकता नाही, तरीही चालतं.

तरी सुरुवातीला 0.01 मोलर KCl मध्ये एकदा तपासून घ्यावं असं आमचं मत आहे. 25 अंशांवर ते 1.413 मिलिसीमेन्स प्रति सेमी दाखवायला हवं. आकडा फारच दूर असेल तर सेल मळला आहे किंवा वायर सैल आहे, आणि हे आधीच कळलेलं बरं.

11. तापमानाचा किती परिणाम होतो? उदासिनीकरणात उष्णता निघते ना?

द्रावणाची वाहकता दर अंशाला साधारण 2 टक्क्यांनी वाढते, म्हणून प्रश्न रास्त आहे. हिशोब करून पाहू. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारीच्या उदासिनीकरणात प्रति मोल सुमारे 57 किलोज्यूल उष्णता निघते. आपल्याकडे 1 मिलिमोल, म्हणजे 57 ज्यूल. 100 मिली पाणी एका अंशाने तापवायला 418 ज्यूल लागतात. तापमान जेमतेम 0.14 अंशाने वाढेल आणि वाहकतेत फरक 0.3 टक्क्यांच्या आसपास पडेल. तो सोडून देता येतो.

तेच 0.1 मोलर आम्ल घेतलं तर वाढ 1.4 अंश आणि फरक जवळपास 3 टक्के. डावी रेषा तेवढी वर उचलली जाते. म्हणूनही द्रावण विरल ठेवलेलं बरं. नुकतंच तयार केलेलं, अजून कोमट असलेलं NaOH ब्यूरेटमध्ये भरू नका. विरघळताना ते चांगलंच तापतं.

12. आलेखाचं टोक तीक्ष्ण येत नाही. मध्येच एक सपाट, किंचित चढता तुकडा येतो. काय चुकलं?

बहुतेक वेळा कार्बोनेट. NaOH हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचं Na₂CO₃ होतं. बाटलीच्या झाकणाभोवती आणि ब्यूरेटच्या तोटीभोवती जमणारी पांढरी पूड तीच.

असं NaOH आम्लात पडलं की कार्बोनेटचं कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातलं बरंचसं द्रावणातच विरघळून राहतं. HCl चा H⁺ संपला की पुढचा OH⁻ मोकळा राहत नाही, आधी या कार्बोनिक आम्लाला गाठतो आणि HCO₃⁻ तयार होतो. म्हणजे या टप्प्यात भर पडते ती Na⁺ आणि HCO₃⁻ ची: 50.1 + 44.5 = 94.6. शुद्ध NaOH ची भर 248.1 होती. म्हणून चढ असतो, पण निम्म्याहूनही मंद. कार्बोनिक आम्ल संपलं की मगच नेहमीचा तीव्र चढ सुरू होतो. V च्या जागी तीन तुकडे दिसतात: उतार, मंद चढ, तीव्र चढ.

तुम्ही फक्त उतार आणि शेवटचा तीव्र चढ घेऊन रेषा लांबवल्या तर छेदबिंदू उजवीकडे सरकतो आणि NaOH चं आकारमान जास्त येतं. मधला तुकडा स्पष्ट दिसत असेल तर HCl संपण्याची जागा म्हणजे पहिला कोपरा, उतार आणि मंद चढ यांचा छेद.

उपाय असा. NaOH आधी वजनाने 50 टक्के इतकं तीव्र बनवा. त्यात Na₂CO₃ जवळजवळ विरघळत नाही, काही दिवसांत तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण पिपेटने घ्या आणि उकळून गार केलेल्या पाण्यात विरल करा. तीव्रता नंतर प्रमाणित करून घ्या. बाटली प्लास्टिकची आणि घट्ट बंद. बीकरमधल्या आम्लासाठीही उकळून गार केलेलंच पाणी वापरा.

HCl मध्ये ॲसिटिक आम्ल मिसळलेलं असेल तरी आलेख असाच तीन तुकड्यांचा येतो, कारण तिथेही H⁺ संपल्यावर सौम्य आम्लाची पाळी येते. फक्त तिथे मधला तुकडा हा दोष नसतो, त्याच्या लांबीवरून ॲसिटिक आम्ल किती ते कळतं.

13. रीडिंग स्थिर राहत नाही, किंवा बिंदू रेषेवर बसत नाहीत. आधी काय तपासू?

आधी सेल वर उचलून पाहा. पट्ट्यांवर हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर तेवढा पृष्ठभाग निकामी होतो आणि रीडिंग कमी येतं. बुडबुडा सुटला की आकडा एकदम उडी मारतो. आलेखावर एखाद्या बिंदूपासून पुढचे सगळे बिंदू वर सरकलेले दिसत असतील तर बहुधा हेच झालेलं असतं.

दुसरं कारण, ढवळणं. काचेच्या नळीत बसवलेल्या सेलमध्ये आतलं द्रावण बाहेरच्याशी मिसळायला वेळ लागतो. घाईने नोंद केली तर मीटर मागच्या क्षणाची वाहकता दाखवत असतो. डावीकडे ती खऱ्यापेक्षा जास्त असते आणि उजवीकडे कमी. दोन्ही चुका छेदबिंदूला उजवीकडेच ढकलतात, त्यामुळे एकमेकींना खोडत नाहीत. प्रत्येक वेळी सेल हलकेच वर-खाली न करता चुंबकीय ढवळणी एकाच वेगाने चालू ठेवा आणि आकडा थांबेपर्यंत थांबा.

मीटरची रेंज मध्येच बदलली असेल तर त्या ठिकाणी रेषेत पायरी पडते. 4.3 पासून 1.1 पर्यंतचे आकडे एकाच रेंजमध्ये बसतील अशी निवड सुरुवातीलाच करा.

प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर मखमलीसारखा काळा थर असतो, तो मळ नाही. तो प्लॅटिनम ब्लॅक. त्यामुळे पट्टीचा प्रभावी पृष्ठभाग वाढतो आणि ध्रुवण कमी होतं. मीटर प्रत्यावर्ती प्रवाह वापरतो तोही ध्रुवण टाळण्यासाठीच. हा थर टिश्यूने पुसू नका. डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि त्यातच बुडवून ठेवा.

14. बीकरमध्ये NaOH आणि ब्यूरेटमध्ये HCl घेतलं तर आलेख आरशातल्यासारखा उलटा येतो का?

V च येतो, पण आरशातला नाही. आता OH⁻ ची जागा Cl⁻ घेतो: 198.0 वजा 76.3, म्हणजे 121.7 ची घट. एंड पॉइंटनंतर H⁺ आणि Cl⁻ ची भर पडते: 426.1. डावी बाजू मंद उतरते आणि उजवी साडेतीन पट तीव्र चढते. प्रश्न 5 मधलाच नियम: डावीकडे फरक, उजवीकडे बेरीज.

15. मग आयन खरोखर कमी होतात असं कोणतं टायट्रेशन आहे का?

आहे. Ba(OH)₂ मध्ये H₂SO₄ टाका. H⁺ आणि OH⁻ चं पाणी होतं आणि Ba²⁺ व SO₄²⁻ चा BaSO₄ होऊन तळाशी बसतो. कोणाच्या जागी कोणीच येत नाही. एंड पॉइंटला वाहकता जवळजवळ तळाला जाते. आपल्या HCl–NaOH मध्ये ती 1.15 च्या खाली जात नाही, कारण NaCl तिथेच असतं. दोन आलेख शेजारी ठेवले की प्रश्न 2 चं उत्तर वेगळं समजावावं लागत नाही.

16. ही पद्धत कुठे फसते?

द्रावणात आधीच खूप मीठ असेल तिथे. 1 मोलर KCl ची वाहकता 110 मिलिसीमेन्स प्रति सेमीच्या वर आहे. त्यावर आपली 3 ची घट मोजायची म्हणजे मोठ्या आकड्यातला लहान फरक शोधायचा. तापमान एका अंशाने सरकलं तरी 2 टक्क्यांनी, म्हणजे 2 हून जास्त फरक पडतो आणि V त्यात बुडून जातो. अशा वेळी pH मीटर बरा.

दुसरीकडे, आम्ल फार विरल असेल तर हवा आडवी येते. हवेशी समतोलात आलेल्या पाण्यात 25 अंशांवर सुमारे 1.4 × 10⁻⁵ मोलर कार्बन डायऑक्साइड असतो. 0.01 मोलर HCl पुढे तो 0.14 टक्के, दुर्लक्ष करण्याजोगा. 0.0001 मोलर HCl पुढे तोच 14 टक्के होतो, आणि प्रश्न 12 मधला सपाट तुकडा NaOH कितीही शुद्ध असलं तरी दिसतो. तेवढ्या विरल आम्लासाठी बीकर झाकून, द्रावणातून नायट्रोजन सोडत काम करावं लागतं.